संत्र्याच्या रसाची परीक्षा : रिफ्रॅक्टोमीटरची तापमान-दुरुस्ती आणि सामू ८.२ पर्यंतचे अनुमापन

संत्र्याची फळे तोडणीस आली किंवा कसे, हे सालीच्या रंगावरून ठरविण्याची रूढी विदर्भातील बागांत जुनी आहे. परंतु संत्र्याच्या सालीस येणारा नारिंगी रंग मुख्यत्वे रात्रीच्या थंडीवर अवलंबून असतो. आंबिया बहाराची फळे ज्या वेळी आतून भरत असतात त्या वेळी रात्री उबदार राहिल्या, तर रस गोड होऊनही साल हिरवी राहते. उलटपक्षी, थंडी लवकर पडल्यास आत आंबट असलेले फळही बाहेरून पिकल्यासारखे दिसते. शिवाय संत्रा हे आंब्याप्रमाणे आढीत पिकणारे फळ नव्हे. झाडावरून उतरल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही. सबब कच्ची तोड झाली म्हणजे ती चूक पुढे कोणत्याही उपायाने भरून निघत नाही.

या कारणास्तव रस प्रक्रियेचे कारखाने व दूरच्या बाजारपेठेत माल पाठविणारे व्यापारी फळाची पक्वता दोन आकड्यांनी मोजतात. पहिला आकडा रसातील विद्राव्य घटकांचा. तो ब्रिक्स अंशांत सांगितला जातो. दुसरा आम्लतेचा. पहिल्यास दुसऱ्याने भागले असता जे गुणोत्तर येते त्यावरून रस गोड लागेल की आंबट, याचा अंदाज येतो. हे दोन्ही आकडे काढणे अवघड नाही. तथापि, दोहोंतही अशा काही जागा आहेत की तेथे दुर्लक्ष झाल्यास एकाच बागेचा माल सकाळी उत्तीर्ण व दुपारी अनुत्तीर्ण ठरतो. या लेखात त्याच जागांचा विचार केला आहे.

रसाचा नमुना

ज्या रसाची परीक्षा करावयाची तो रस साऱ्या बागेचा प्रतिनिधी असला पाहिजे. झाडाच्या बाहेरील बाजूस, उन्हात वाढलेली फळे आतल्या सावलीतील फळांपेक्षा गोड असतात. म्हणून बागेत विखुरलेली दहा झाडे निवडून प्रत्येक झाडावरून दोन फळे घ्यावीत, व ती घेताना चारही दिशा, वरचा व खालचा भाग आणि आतील फांद्या यांपैकी कोणतीही बाजू सुटू देऊ नये. पाऊस पडून गेल्यावर किंवा भरपूर ओलीत केल्यावर लगेच नमुना काढू नये.

एकाच फळातही गोडी सारखी नसते. देठाकडील भागापेक्षा खालच्या टोकाकडील भाग अधिक गोड असतो. यास्तव एखादी फोड दाबून तिचे दोन थेंब उपकरणावर टाकणे ही परीक्षा नव्हे. सर्व फळे आडवी कापून त्यांचा पूर्ण रस काढावा, मलमलच्या स्वच्छ कापडातून गाळावा आणि एकत्र ढवळावा. ब्रिक्स व आम्लता या दोन्हींसाठी हाच एक रस वापरावा.

रिफ्रॅक्टोमीटर काय मोजतो

रिफ्रॅक्टोमीटर साखर प्रत्यक्ष मोजीत नाही. रसाच्या थरातून जाताना प्रकाशाचा किरण किती वळतो, एवढेच तो दाखवितो. पाण्यात साखर जितकी अधिक विरघळलेली असेल तितके हे वक्रीभवन अधिक होते. शुद्ध साखरेची द्रावणे घेऊन हे प्रमाण एकदा निश्चित करण्यात आले व त्यावरून उपकरणातील मोजपट्टी आखण्यात आली. १०० ग्रॅम द्रावणात १० ग्रॅम साखर असता मोजपट्टी १० अंश दाखविते. संत्र्याच्या रसात साखरेखेरीज आम्ल, क्षार व इतर पदार्थही विरघळलेले असतात व तेही किरण थोडाफार वळवितात. म्हणून या आकड्यास साखर न म्हणता एकूण विद्राव्य घटक म्हणतात. त्यांत साखरेचा वाटा बराच मोठा असल्यामुळे व्यवहारात तो गोडीचे माप म्हणून चालतो.

ही मोजपट्टी २० अंश सेल्सिअस तापमानासाठी आखलेली असते. द्रव तापला म्हणजे प्रसरण पावतो, विरळ होतो आणि किरण कमी वळवितो. त्यामुळे रसातील साखर तीच असूनही उपकरण कमी आकडा दाखविते. रस थंड असेल तर याच्या उलट घडते व आकडा वाढून दिसतो. हा फरक उपेक्षणीय नाही. नागपूर-अमरावती भागात डिसेंबरच्या पहाटे तोडलेल्या फळाचा रस १२ अंशांवर असू शकतो, तर दुपारी तोच रस २८ अंशांवर जातो. मृग बहाराच्या तोडणीच्या वेळी, मार्च महिन्यात, तापमान याहूनही बरेच वर चढते.

सुमारे १० ब्रिक्सच्या रसासाठी दुरुस्तीचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत. रस १० अंश सेल्सिअसवर असता दिसलेल्या आकड्यातून ०.६ वजा करावा, १२ अंशांवर ०.५ आणि १५ अंशांवर ०.३ वजा करावा. २० अंशांवर दुरुस्ती नाही. २५ अंशांवर ०.४ मिळवावा, २८ अंशांवर ०.६ आणि ३० अंशांवर ०.८ मिळवावा. थोडक्यात, थंड रसाचा आकडा कमी करावयाचा व उष्ण रसाचा वाढवावयाचा. ही दिशा उलटी झाल्यास चूक दुप्पट होते, म्हणून ती पक्की ध्यानात ठेवावी.

येथे तापमान म्हणजे हवेचे तापमान नव्हे, तर मोजणीच्या क्षणी लोलकावर असलेल्या रसाचे तापमान होय. दोन-तीन थेंब रस हा अत्यल्प असतो. तो लोलकावर पडताच लोलकाचे तापमान धारण करू लागतो. उपकरण उन्हात ठेवलेले असेल किंवा बराच वेळ मुठीत धरलेले असेल, तर भांड्यातील रस थंड असूनही लोलकावरील रस उष्ण असतो. म्हणून उपकरण, रस व ऊर्ध्वपातित पाणी ही तिन्ही अर्धा तास एकाच सावलीच्या जागी ठेवावीत. त्यानंतर रसात तापमापक बुडवून तापमान टिपावे, थेंब लोलकावर टाकून झाकण लावावे आणि साधारण अर्धा मिनिट थांबून मगच आकडा वाचावा. उघड्यावर फार वेळ थांबल्यास पाणी उडून जाऊन आकडा चढतो, हेही विसरू नये. प्रकाश व छाया यांमधील रेषा पुसट दिसत असेल तर रसात गर राहिला आहे असे समजावे व तो पुन्हा गाळावा. असे तीन वेळा वाचन करून त्यांची सरासरी धरावी. प्रत्येक वाचनानंतर लोलक पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावा.

दुरुस्ती दोनदा होऊ नये

हल्ली मिळणाऱ्या बऱ्याच हस्त-रिफ्रॅक्टोमीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती आपोआप होण्याची योजना असते. त्यांत दोन धातूंची एक पट्टी बसविलेली असते. तापमानाप्रमाणे ती वाकते आणि आतील भाग तितकाच सरकविते. अंकीय उपकरणांत हेच काम तापमानाची संवेदनी व गणक करतात. अशा उपकरणाच्या आकड्यास पुन्हा कोष्टकातील दुरुस्ती लावली, तर बरोबर आलेला आकडा चुकीचा होतो. उलट, साध्या उपकरणास दुरुस्तीचे समजून तसेच वापरले तरीही चूक होते. ही योजना ठराविक मर्यादेतच, बहुधा १० ते ३० अंशांपर्यंत, उपयोगी पडते. ती मर्यादा उपकरणावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते. मार्चच्या दुपारी ३६ अंशांवर तिच्यावर विसंबू नये. रस सावलीत किंवा ओल्या फडक्यात ठेवून निववावा.

हाती असलेले उपकरण कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. कोरडी शुद्ध साखर १० ग्रॅम व ऊर्ध्वपातित पाणी ९० ग्रॅम अचूक तोलून द्रावण करावे. पाणी मापून न घेता तोलून घ्यावे. हे द्रावण झाकून ठेवून त्याच दिवशी पहाटे व दुपारी उपकरणाने पाहावे. दोन्ही वेळा आकडा १० च्या आसपास राहिला, तर उपकरणात आपोआप दुरुस्ती होते. १२ अंशांवर सुमारे १०.५ व २८ अंशांवर सुमारे ९.४ असे आकडे आले, तर उपकरण साधे आहे व कोष्टक वापरणे आवश्यक आहे. या दोहोंत न बसणारा आकडा आला, उदाहरणार्थ दोन्ही वेळा ११, तर उपकरणाचे शून्यच सरकलेले आहे असे समजावे.

साध्या उपकरणाचे शून्य ऊर्ध्वपातित पाण्याने लावताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. पाण्याचे वक्रीभवनही तापमानाप्रमाणे बदलते आणि हा बदल रसातील बदलाच्या जवळपास असतो. २८ अंशांवर पाण्यासाठी दुरुस्ती ०.५६ येते व १० ब्रिक्सच्या द्रावणासाठी ०.६० येते. याचा अर्थ असा की, रसाच्याच तापमानाचे पाणी घेऊन त्याच वेळी शून्य लावले, तर तापमानाची जवळजवळ सारी चूक तेथेच निघून जाते व कोष्टकाची गरज राहत नाही. परंतु सकाळी १२ अंशांवर शून्य लावून तेच उपकरण दुपारी वापरल्यास मात्र चूक एक अंशाहून अधिक होते. म्हणून दोहोंपैकी एकच रीत पत्करावी : एक तर उपकरणाचे शून्य २० अंशांवर लावून पुढे कोष्टक वापरावे, किंवा प्रत्येक मोजणीपूर्वी त्याच तापमानाच्या पाण्याने शून्य लावावे व कोष्टक बाजूस ठेवावे.

आम्लता कशी मोजतात

संत्र्याच्या आंबटपणाचे मुख्य कारण सायट्रिक आम्ल हे होय. ते किती आहे हे काढण्यासाठी ज्ञात तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साईडचे द्रावण रसात थेंब थेंब टाकून आम्ल उदासीन करतात व त्यास किती द्रावण लागले ते मोजतात. या क्रियेस अनुमापन म्हणतात. येथे रसाचा मूळ सामू पाहून काम भागत नाही. सामू हा रसात त्या क्षणी मुक्त असलेल्या आम्लांशाची कल्पना देतो. रसात एकूण आम्ल किती साठलेले आहे, हे मात्र अनुमापनानेच कळते.

अनुमापन कोठे थांबवावयाचे, हा यातील महत्त्वाचा प्रश्न आहे. पूर्वापार पद्धतीत फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घालून गुलाबी छटा येताच थांबतात. ही छटा सामू ८.२ च्या सुमारास दिसू लागते. लिंबाच्या फिकट रसात ती चांगली दिसते. पण संत्र्याच्या पिवळ्या-नारिंगी रसात गुलाबी रंग मिसळून केवळ गडद नारिंगी छटा दिसते. ती कोठे सुरू झाली याविषयी दोन माणसांचे एकमत होत नाही आणि बहुधा अल्कली जास्त पडते. म्हणून डोळ्यांवर न विसंबता सामूमापकाचा आकडा ८.२ येताच थांबण्याची रीत योग्य होय.

आता ८.२ हाच आकडा का, सामू ७ का नव्हे, असा प्रश्न येतो. पाणी सामू ७ वर उदासीन असते, म्हणून आम्लही तेथे संपत असेल, असा समज साहजिक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. सायट्रिक आम्लाच्या प्रत्येक रेणूत अल्कलीशी संयोग पावणारे तीन भाग आहेत. पहिले दोन लवकर संपतात, परंतु तिसरा भाग नेटाने टिकून राहतो व सामू ७ वर त्याचा काही अंश अद्याप शिल्लक असतो. सामू ८.२ पर्यंत गेल्यावर तो जवळजवळ पूर्णपणे संपतो. म्हणून ७ वर थांबणाऱ्यास आम्लता काही टक्क्यांनी कमी मिळते. द्राक्षमद्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ७ हा अंत्यबिंदू ठरलेला आहे, तर फळांच्या रसासाठी काही ठिकाणी ८.१ व काही ठिकाणी ८.२ घेतात. ८.१ व ८.२ यांत थेंबाएवढाच फरक पडतो. ७ व ८.२ यांतील फरक मात्र निर्णय बदलू शकतो. यास्तव आम्लतेच्या आकड्याबरोबर अंत्यबिंदूची नोंद अवश्य करावी.

अनुमापनाची कृती

प्रथम सामूमापक दोन बफर द्रावणांनी लावून घ्यावा. त्यांपैकी एक ७ चे व दुसरे ९ ते १० च्या दरम्यानचे असावे. रस आंबट असतो म्हणून ४ व ७ ही बफर द्रावणे वापरण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. मोजावयाचा बिंदू ८.२ आहे, तेव्हा तो दोन बफरांच्या मध्ये आला पाहिजे.

पिपेटने रस बरोबर १० मिलिलिटर घेऊन चंचुपात्रात सोडावा. पिपेटला रबरी फुगा लावावा, तोंडाने ओढू नये. त्यात सुमारे ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालावे. हे पाणी उकळून झाकून निववलेले असावे, कारण साध्या पाण्यात हवेतील कर्बवायू विरघळून त्याचेही आम्ल मोजणीत येते. पाणी नेमके ५० मिलिलिटर असण्याचे कारण नाही. रसातील आम्लाचे वजन पाण्याने बदलत नाही. रस मात्र अचूक घेतलेला असावा.

सामूमापकाची काचकांडी द्रवात बुडवून द्रव सतत ढवळत ठेवावा आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साईड सोडावे. सामू ६ होईपर्यंत धार सोडण्यास हरकत नाही. ६ नंतर हळूहळू सोडावे. ७.५ च्या पुढे एकेका थेंबाने सामू झपाट्याने चढतो, म्हणून थेंब टाकून, आकडा स्थिर होऊ देऊन, मग पुढचा थेंब टाकावा. ८.२ नेमका न साधता ओलांडला गेला, तर सारे फेकून देण्याची गरज नाही. त्याच्या अलीकडचा व पलीकडचा आकडा टिपलेला असल्यास मधला बिंदू प्रमाणाने काढता येतो. अर्ध्या मिनिटात आकडा थोडा खाली उतरल्यास तो कर्बवायूचा परिणाम असण्याचा संभव असतो. त्यासाठी पुन्हा पुन्हा थेंब घालीत बसू नये. काम झाल्यावर काचकांडीवर चिकटलेला गर पाण्याने धुऊन काढावा, अन्यथा पुढील मोजणीत आकडा स्थिर होण्यास फार वेळ लागतो.

०.१ नॉर्मल अल्कलीचा एक मिलिलिटर ०.००६४ ग्रॅम सायट्रिक आम्ल उदासीन करतो. त्यावरून १० मिलिलिटर रस घेतला असता हिशेब असा होतो :

आम्लता (१०० मिलिलिटर रसात ग्रॅम) = लागलेली अल्कली (मिलिलिटर) × अल्कलीची नॉर्मलता × ०.६४

अल्कली दुबळी होते

वरील सूत्रात नॉर्मलता हा आकडा बाटलीवरील चिठ्ठीवरून घेण्याची प्रवृत्ती असते. परंतु सोडियम हायड्रॉक्साईड हवेतील कर्बवायू शोषून दिवसेंदिवस दुबळे होत जाते. दुबळी अल्कली अधिक लागते आणि चिठ्ठीवरील ०.१ धरून हिशेब केल्यास रस आहे त्याहून आंबट ठरतो. त्यासाठी तोडणीच्या हंगामात निदान आठवड्यातून एकदा तिची तीव्रता तपासावी. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट हा स्थिर क्षार भट्टीत वाळवून, निववून, ०.४०८४ ग्रॅम तोलावा, उकळून निववलेल्या पाण्यात विरघळवावा आणि फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घालून फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत अल्कली सोडावी. द्रावण रंगहीन असल्यामुळे येथे रंग स्पष्ट दिसतो. अल्कली बरोबर ०.१ नॉर्मल असल्यास २०.० मिलिलिटर लागते. अधिक लागल्यास २.० ला लागलेल्या मिलिलिटरांनी भागावे. येणारा आकडा हीच खरी नॉर्मलता. अल्कली घट्ट बुचाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावी. काचेचे बूच तिच्यामुळे चिकटून बसते. ती कातडीस भाजते, म्हणून अंगावर सांडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे.

एका नमुन्याचा हिशेब

आंबिया बहाराच्या एका बागेचे उदाहरण घेऊ. समजा, खरेदीदाराशी असे ठरले आहे की रस किमान १० ब्रिक्स असावा व ब्रिक्स-आम्लता गुणोत्तर किमान १३ असावे. आम्लता १०० मिलिलिटर रसामागे ग्रॅममध्ये धरावयाची आहे. वीस फळांचा रस काढून साध्या रिफ्रॅक्टोमीटरने पाहिला. उपकरणाचे शून्य २० अंशांवर लावलेले होते. पहाटे रस १२ अंशांवर असता आकडा १०.१ आला. तोच झाकलेला रस दुपारी २८ अंशांवर पाहता ९.० आला.

दुरुस्ती न करता पाहिल्यास पहाटेचा आकडा तोड करा म्हणतो व दुपारचा थांबा म्हणतो. दुरुस्ती केल्यावर पहाटेच्या १०.१ मधून ०.५ वजा जाता ९.६ राहतात, आणि दुपारच्या ९.० मध्ये ०.६ मिळविता ९.६ च येतात. दोन्ही वेळचे आकडे जुळले, हीच दुरुस्ती योग्य दिशेने झाल्याची खूण होय.

आता आम्लता पाहू. अल्कलीची तपासणी केली असता थॅलेटास २१.५ मिलिलिटर लागले होते. म्हणून तिची खरी नॉर्मलता २.० भागिले २१.५, म्हणजे ०.०९३ होती. रसाच्या अनुमापनात १२.५५ मिलिलिटरला सामू ८.० व १२.६५ मिलिलिटरला ८.४ आला. तेव्हा ८.२ हा बिंदू १२.६० मिलिलिटरला धरावयाचा. १२.६० × ०.०९३ × ०.६४ हा गुणाकार ०.७५ येतो. रसाची आम्लता ०.७५ व गुणोत्तर ९.६ भागिले ०.७५, म्हणजे १२.८.

हाच नमुना निष्काळजीपणे पाहिला असता काय घडले असते ते पाहणे बोधप्रद आहे. पहाटेचा १०.१ हा आकडा तसाच घेतल्यास गुणोत्तर १३.५ येते व दोन्ही अटी पुऱ्या झाल्यासारख्या दिसतात. ब्रिक्सची दुरुस्ती केली, पण अनुमापन सामू ७ वरच थांबविले, तर अल्कली सुमारे १२.२ मिलिलिटर लागते, आम्लता ०.७३ दिसते आणि गुणोत्तर १३ च्या वर जाते. अल्कली दुबळी झाल्याचे ध्यानात न घेता ०.१ धरले, तर आम्लता ०.८१ होऊन गुणोत्तर ११.९ पर्यंत उतरते. सर्वांत फसवी स्थिती म्हणजे दोन चुका एकत्र येण्याची. पहाटेचा वाढलेला ब्रिक्स आणि दुबळ्या अल्कलीमुळे वाढलेली आम्लता यांचे गुणोत्तर १२.५ येते. ते खऱ्या १२.८ च्या इतके जवळ आहे की कोणासही शंका येणार नाही. परंतु पुढच्या आठवड्यात नवी अल्कली आली की एक चूक नाहीशी होते, दुसरी तशीच राहते व फळे एकाएकी पिकल्याचा भास होतो. म्हणून केवळ गुणोत्तर न टिपता ब्रिक्स, रसाचे तापमान, अल्कलीची नॉर्मलता आणि अंत्यबिंदू हे चारही आकडे वहीत लिहावेत.

निर्णयाची मर्यादा

हस्त-उपकरणाची मोजपट्टी बहुधा ०.२ अंशांची असते, त्यामुळे ब्रिक्समध्ये ०.१ इतका फरक पडणे स्वाभाविक आहे. वरील नमुन्यात गुणोत्तर १३ ला ०.२ ने कमी पडते व एवढा फरक मोजणीच्या मर्यादेत येतो. त्यावरून एकट्याने काही ठरवू नये. ब्रिक्स मात्र १० पेक्षा ०.४ ने कमी आहे आणि हा फरक खरा आहे. अशा बागेची तोड थांबवून सात-आठ दिवसांनी त्याच झाडांवरून त्याच रीतीने पुन्हा नमुना काढावा. दोन नमुन्यांमधील वाढ पाहून तोडणीचा दिवस अंदाजता येतो.

आणखी दोन बाबी खरेदीदाराशी आधीच स्पष्ट करून घ्याव्यात. ब्रिक्स हा १०० ग्रॅम रसामागे असतो, तर वरील आम्लता १०० मिलिलिटर रसामागे आहे. ९.६ ब्रिक्सच्या रसाचा एक मिलिलिटर सुमारे १.०४ ग्रॅम भरतो. म्हणून आम्लता वजनावर काढल्यास तीच ०.७२ होते व गुणोत्तर १३.३ येते. दुसरे असे की, आम्ल हे साखरेपेक्षा किरण कमी वळविते, त्यामुळे रसातील दर एक टक्का आम्लामागे ब्रिक्समध्ये सुमारे ०.२ मिळविण्याची पद्धत लिंबूवर्गीय फळांच्या आटवलेल्या रसाच्या व्यवहारात आहे. या नमुन्यात ती दुरुस्ती जेमतेम ०.१५ होते. यांपैकी कोणतीही रीत चुकीची नाही. मात्र ज्या रीतीने अट ठरली असेल त्याच रीतीने मोजणी व्हावयास हवी. यास्तव करारात किमान ब्रिक्स लिहिताना २० अंश सेल्सिअस तापमान, आणि आम्लता लिहिताना सायट्रिक आम्ल, सामू ८.२ व वजन की आकारमान, एवढा उल्लेख करून घ्यावा. म्हणजे कारखान्याच्या दारात दोन उपकरणांचे दोन आकडे समोर आले, तरी कोणता ग्राह्य धरावयाचा याबद्दल वाद राहणार नाही.